शंभर चाचण्यांच्या आकड्यावर दुकानाचे पैसे लावू नका

मॉन्टे कार्लोच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हे, की "सर, चाचण्या किती घ्यायच्या?" माझं मत स्पष्ट आहे: शंभर म्हणजे काहीच नाही.

समजा शहागडला हायवेलगत तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. हंगामाच्या उधारीसाठी बाजूला ठेवलेले ५ लाख रुपये १० वर्षं शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात ठेवायचा विचार आहे. दरवर्षीची वाढ (लॉग पद्धतीने) सरासरी ०.१० आणि चढउतार ०.२० धरू. दहा वर्षांची सरासरी १ होते. चढउतार मात्र दहापट होत नाही, तो दहाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे ०.६३२. एक्सेलमध्ये A1 ला हे लिहा आणि खाली ओढा:

```
=500000*EXP(NORM.INV(RAND(),1,0.632))
```

प्रत्येक ओळ म्हणजे दहा वर्षांनंतर हातात येऊ शकणारी एक रक्कम. आता ५ लाखांपेक्षा कमी किती वेळा आली ते मोजा:

```
=COUNTIF(A1:A100,"<500000")/100
```

F9 दाबत राहा. कधी २ टक्के येईल, कधी ९. गणिताने खरं उत्तर ५.७ टक्के आहे, पण शंभर ओळींत नुकसानीच्या ओळी असतात जेमतेम पाच-सहा. त्यातल्या दोन इकडच्या तिकडे झाल्या की आकडा हलतो. म्हणून सरासरी रक्कम लवकर स्थिर दिसते आणि धोक्याचा आकडा उशिरा. लोक नेमके इथेच फसतात.

हजार ओळींत उत्तर बहुतेक वेळा ४.२ ते ७.२ च्या मध्ये राहतं, दहा हजारांत ५.२ ते ६.२. चूक दहापट कमी करायची तर चाचण्या शंभरपट लागतात, यात शॉर्टकट नाही. म्हणून मी दहा हजार घ्या म्हणतो. पाच वेळा F9 दाबूनही तुमचा निर्णय बदलत नसेल तर तेवढं पुरे. आणि कुणी सल्लागार शंभर चाचण्यांवरून "धोका ३.४ टक्के" असं सांगत असेल, तर त्याला त्याच शीटवर पुन्हा F9 दाबायला सांगा, तो दशांश किती टिकतो ते तिथेच दिसेल.

पण मग दहा लाख चाचण्या घेतल्या तर? आकडा दगडासारखा स्थिर होईल, तरी चुकीचा असू शकतो. २००८ मध्ये सेन्सेक्स वर्षभरात ५२ टक्के पडला. आपल्या ०.१० आणि ०.२० च्या हिशोबात असं वर्ष दहा हजार वर्षांतही दिसणं कठीण, आणि बाजारात ते आपल्या डोळ्यांदेखत आलं. म्हणून चढउतार ०.३० करून सगळं पुन्हा चालवा. तोट्याची शक्यता ५.७ वरून साधारण १५ टक्क्यांवर जाते. खताची पुढची खरेदी ज्या पैशातून होणार, ते पैसे या दुसऱ्या आकड्यावर तोलून पाहा.