‘रोजची’ भाकर आणि एक अडलेला शब्द

धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रभूची प्रार्थना पाठ करून घेत होतो. एका मुलीने विचारले, “सर, भाकर ‘रोजची’ म्हटली की त्यात आजची आलीच ना? मग पुन्हा ‘आज’ कशाला?” प्रश्न लहान, पण भल्याभल्यांना अडवणारा.

आपण ‘रोजची’ म्हणतो तिथे मूळ ग्रीक शब्द आहे ‘एपिऊसिओस’. नव्या करारात तो मत्तय ६:११ आणि लूक ११:३ या दोनच ठिकाणी, म्हणजे याच प्रार्थनेत येतो. तिसऱ्या शतकातला ओरिजेन ग्रीकमध्येच लिहिणारा. तोही म्हणतो की हा शब्द विद्वानांच्या ग्रंथांत नाही नि लोकांच्या तोंडीही नाही, शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. १८८९ मध्ये इजिप्तमधल्या एका जुन्या खर्चाच्या यादीत तो आढळल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे ती यादीच हरवली. १९९८ मध्ये ती अमेरिकेत येल विद्यापीठात मिळाली, पुन्हा नीट वाचली, तर तिथे ‘तेल’ निघाले!

मग अर्थ लावायचा कसा? शब्दाची फोड करून. ‘ऊसिया’ म्हणजे अस्तित्व, द्रव्य. त्यावरून ‘जगण्यापुरती’ भाकर असा अर्थ निघतो, किंवा ‘द्रव्यापलीकडची’. दुसरी फोड ‘येणे’ या धातूवरून होते. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये त्याच धातूचा शब्द ‘दुसऱ्या दिवशी’ या अर्थाने आला आहे. तसे धरले तर आपण मागतो ती येणाऱ्या दिवसाची भाकर, आणि मग ‘आज’ हा शब्द मुळीच फालतू राहत नाही. संत जेरोमनेही नोंदवले आहे की इब्री लोकांच्या शुभवर्तमानात इथे ‘उद्याची’ या अर्थाचा शब्द होता.

आणि याच जेरोमने लॅटिनमध्ये काय केले? मत्तयात ‘द्रव्यापलीकडची’ लिहिले, लुकात ‘रोजची’. शब्द एक, भाषांतरे दोन. काहींना हा गोंधळ वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. उपासनेत मात्र ‘रोजची’च टिकली, कारण ती प्रत्येकाच्या तोंडी बसते.

जुन्या सिरियाई पेशित्ता भाषांतराने तिसरीच वाट धरली : ‘आमच्या गरजेची भाकर’. मला ही सर्वांत जवळची वाटते. पण ‘उद्याची चिंता करू नका’ असे त्याच अध्यायात येशू सांगतो, म्हणून मी तिच्याकडे झुकतो, हेही कबूल करतो. शब्दातून तेवढे सिद्ध होत नाही.

प्रार्थनेतला शब्द बदलावा असे माझे म्हणणे नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळे एका सुरात म्हणतात, ते मोडू नये. पण आपल्या बायबलमध्ये इथे पानाखाली एक टीप हवी, आणि वर्गात ‘रोजची’ हा एक अंदाज आहे हे सांगायला हवे.

त्या मुलीला मी हे सोपे करून सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे सर, आई रात्री सकाळचं पीठ आहे का बघते, तसं?”