अब्बांचा खोकला आणि बेडक्याची डबी

रायगड जिल्ह्यातून एका वाचक भगिनीने आम्हाला पत्र पाठवले आहे. तिचे अब्बा बावन्न वर्षांचे असून तीस वर्षे बेकरीच्या भट्टीवर काम करीत आहेत. त्यांना दीड महिन्यापासून खोकला आहे. पहिले तीन आठवडे "पीठ आणि धूर छातीत जातो, म्हणून खोकला येतो" असे म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानातून खोकल्याच्या दोन बाटल्या आणल्या. पुढे एका डॉक्टरांनी पाच दिवस लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या. आठवडाभर बरे वाटले, मग खोकला पुन्हा सुरू झाला. आता दुसऱ्या डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला आहे. बहिणीचा निकाह दोन महिन्यांवर आला आहे, त्यामुळे अम्मी म्हणतात, "टीबीची तपासणी केली असे चार लोकांत कळले तर काय होईल?" मुलीने आम्हाला विचारले आहे की, ही तपासणी खरोखर गरजेची आहे का?

गरजेची आहे. ती का, हे आम्ही सविस्तर सांगतो, कारण अशी घरे पुष्कळ असतील.

सर्दी-फ्ल्यूनंतरचा खोकला बहुतेकांचा तीन आठवड्यांत कमी होतो. काहींचा सहा-आठ आठवडे रेंगाळतो, पण तो दिवसेंदिवस उतरत जातो. जो उतरत नाही त्यामागे इतर कारणे असतात. दम्यात रात्री किंवा पहाटे कोरडा खोकला येतो, कधी छातीत शिट्टीसारखा आवाज होतो. पोटातील आम्ल वर येत असेल तर जेवून आडवे झाल्यावर खोकला वाढतो. सायनसचा त्रास असेल तर नाकातील स्राव घशात उतरतो. रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा गोळ्यांनीही काहींना कोरडा खोकला लागतो. अशी गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि वर्षानुवर्षे चुलीच्या किंवा भट्टीच्या धुरात काम करणाऱ्यांना फुप्फुसाचा जुना आजार होतो. अशा माणसाच्या नेहमीच्या खोकल्याची तऱ्हा बदलली तर कर्करोगाचीही शंका घ्यावी लागते.

मग डॉक्टर आधी टीबीच का तपासतात? आपल्या देशात टीबी भरपूर आहे, तो हवेतून घरच्यांना लागतो आणि वेळेवर कळला तर पूर्ण बरा होतो. म्हणून सरकारी कार्यक्रमात तीन आठवड्यांचीही वाट पाहत नाहीत. दोन आठवडे खोकला राहिला की तपासणी सांगतात. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे किंवा बेडक्यात रक्त दिसणे, यांपैकी एखादे लक्षण असले तर तेवढेही थांबू नये. मधुमेह असणाऱ्यांना टीबीचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो. शिवाय टीबीच्या रोग्याला ताप असतोच असे नाही. कित्येकांना सुरुवातीला फक्त खोकलाच असतो.

या अब्बांच्या बाबतीत आम्हाला खटकली ती लिव्होफ्लॉक्सासिनची गोळी. हे औषध टीबीच्या जंतूंवरही काम करते. पाच दिवसांत काही जंतू मरतात, खोकला दबतो आणि रोग्याला वाटते, साधा कफ होता. पण उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि निदान आणखी लांबते. म्हणून "गोळीने बरे वाटले, मग परत सुरू झाले" ही गोष्ट टीबी नसल्याचा पुरावा मानू नये. उलट डॉक्टरांना गोळीचे नाव आणि दिवस दोन्ही सांगावेत.

आता तपासणीविषयी. छातीचा एक्स-रे काढतात आणि बेडक्याचे दोन नमुने घेतात. एक त्याच वेळी घेतात आणि दुसरा पहाटे उठल्याबरोबरचा असतो. रात्रभर छातीत साठलेला बेडका सकाळी मिळतो, म्हणून तो जास्त उपयोगी पडतो. बऱ्याच तपासण्या इथेच फसतात, कारण डबीत थुंकी जाते. थुंकी पातळ आणि फेसाळ असते, बेडका घट्ट आणि पिवळसर असतो. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीनदा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून जोराने खोकून डबीत टाकावे. लहान चमचाभर पुरतो. हे बंद खोलीत करू नये. अंगणात, गॅलरीत किंवा उघड्या खिडकीपाशी करावे. रमजान असेल तर सहरीला उठल्यावर काहीही खाण्यापूर्वी नमुना द्यावा.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात सुमारे पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. सीबीनॅट या यंत्राला शे-दीडशे पुरतात. त्याचे काम सुमारे दोन तासांत होते, आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही हेही ते सांगते. ट्रूनॅट हे यंत्रही असेच काम करते. म्हणून काचपट्टीवरची तपासणी नकारात्मक आली आणि खोकला चालूच असला, तर "सीबीनॅट किंवा ट्रूनॅट झाले का?" असे जरूर विचारावे. ही तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. 'टीबी गोल्ड' नावाची रक्ततपासणी मात्र वेगळी आहे. जंतू कधी तरी शरीरात शिरला होता एवढेच ती सांगते. आजार आत्ता आहे की नाही हे तिच्यावरून ठरत नाही.

या मुलीशी आम्ही फोनवर बोललो. अब्बांनी पहिल्या दिवशी थुंकीच दिली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने स्वतः उभे राहून नमुना घ्यायला लावला. एक्स-रेत उजव्या बाजूला वर सावली होती आणि सीबीनॅटमध्ये टीबी आढळला. रिफॅम्पिसिन चालेल असेही कळले. आता सहा महिने गोळ्या आहेत. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नये. उपचार चालू असेपर्यंत पोषक आहारासाठी सरकारकडून दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा होतात.

आता अम्मींची काळजी. योग्य औषधे नियमित सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो. निकाहाला अजून सात आठवडे आहेत. तोपर्यंत खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क धरावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही, कारण हा आजार भांड्यांतून नाही तर हवेतून जातो. निकाहाच्या मजलिसीत कधी बसायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

घरातील सर्वांची तपासणी मात्र आवश्यक आहे. अम्मींना मधुमेह असल्याचे मुलीने फोनवर सांगितले, म्हणून त्यांची तपासणी सर्वांत आधी व्हावी. ज्यांना आजार नाही त्यांना डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देऊ शकतात.

आणि तपासणीत टीबी नाही असे निघाले असते तर? तरी ती वाया गेली नसती. मग दमा, आम्ल किंवा भट्टीचा धूर, यांकडे निर्धास्तपणे पाहता आले असते. अब्बांना बेकरीचे काम तूर्त थांबवायला सांगितले आहे. डबी देण्याआधी ते म्हणत होते, "धुरामुळे आहे." धूर तर होताच, पण धुराच्या नावाखाली टीबी दीड महिना लपून राहिला.