फोन दप्तरात, की फाटकाबाहेर?

शाळेत मोबाइल नको, हे वाक्य पालकसभेत कोणीही म्हणावं आणि टाळ्या घ्याव्यात. गंगाखेड, पालमकडच्या एखाद्या शाळेत मात्र ते म्हणण्याआधी मी दोन मुलांचा विचार करीन. एक, मायबाप ऊसतोडीला गेलेला आणि आजीजवळ राहिलेला मुलगा. दुसरी, गावात दहावीची सोय नाही म्हणून रोज मानव विकासच्या निळ्या बसने तालुक्याला येणारी मुलगी. बस आली नाही, तर फाट्यावर अंधार पडेपर्यंत उभी राहणारी तीच असते. तिच्या दप्तरातला साधा फोन ही चैन आहे, असं तिच्या आईला सांगून पाहा.

तरीही बंदीवाल्यांची बाजू मला जड वाटते, आणि तीही याच मुलांसाठी. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या 91 शाळांचा एक अभ्यास 2015 साली पुढे आला. फोनबंदी लागू होण्याआधीचे आणि नंतरचे निकाल त्यात ताडून पाहिले होते. सरासरी निकाल थोडासाच सुधारला होता. पण वर्गात सगळ्यात मागे असलेल्या मुलांना सरासरीच्या दुपटीहून अधिक फायदा झाला, आणि हुशार मुलांच्या गुणांत काहीच फरक पडला नाही. कारण उघड आहे. हुशार मुलाचं लक्ष उडालं तरी तो घरी भरून काढतो. त्याला शिकवणी असते, शिकलेले आईबाप असतात. ज्याला फक्त वर्गातला तासच मिळतो, त्याचा तासही फोनने खाल्ला तर मागे उरतं काय? आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसणारी मुलं बहुतेक याच दुसऱ्या गटातली.

आता दुसरं पारडं. असाच शोध पुढे स्वीडनमध्ये घेतला, तर तिथे निकालांवर काहीच परिणाम दिसला नाही. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी 2025 मध्ये 30 शाळांमधली 1,227 मुलं तपासली. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मन:स्वास्थ्यात त्यांना फरक सापडला नाही; दिवसभरातला फोनवरचा एकूण वेळही सारखाच निघाला. फोन जितका जास्त, तितकी झोप आणि मन बिघडलेलं, हे मात्र त्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे शाळेने वाचवलेला वेळ पोरं घरी वसूल करतात.

फोन हे शिकायचं साधन आहे, हा मुद्दाही मी सहज मोडीत काढणार नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे बालभारतीने ते आपल्या पुस्तकांत आणले. 2020 च्या टाळेबंदीत तर ज्या घरी फोन, त्याच घरी शाळा, अशी गत होती. पण साधन असणं वेगळं आणि वापर वेगळा. ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलांबद्दल 2024 चा ‘असर’ अहवाल सांगतो, की स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी 57 टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला, आणि समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी. शिवाय कोड उघडायला वर्गात एक फोन पुरतो. चाळीस लागत नाहीत.

म्हणून आणणं आणि वापरणं यांचा निकाल वेगवेगळा लावला पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयानेही 2025 मध्ये याच वाटेने विचार केला: सरसकट बंदी इष्ट नाही, जमेल तिथे फोन जमा करून घ्यावेत, वर्गात वापर नको, सुरक्षिततेसाठी संपर्काची मुभा असावी. ऐकायला सोपं आहे. गाडं अडतं ते जमा करण्यापाशी. फोन हरवला तर भरून कोण देणार, हा मुख्याध्यापकांचा पहिलाच प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. त्याला कुलुपाचं कपाट हवं, कप्प्यावर हजेरी क्रमांक हवा, आणि देताना-घेताना सही हवी. मायबापांचा दुपारी फोन येणार असेल, तर तो कार्यालयातल्या फोनवर यावा आणि पोराला बोलावून घ्यावं. ही व्यवस्था नसेल, तर फोन पिशवीच्या तळाशी जातो आणि मधल्या सुट्टीत संडासामागे निघतो. नियम कागदावर राहतो.

आणखी एक, थोडं अप्रिय. फळ्यापाशी उभ्या सरांच्या हातातही फोन असतो. पुष्कळदा त्यांचा दोष नसतो. पोषण आहाराची नोंद, कसली माहिती, कसले फोटो, सगळं वरून ‘आत्ताच’ मागितलं जातं. ती कामं तासाबाहेर घ्या, मग मुलांना सांगायला तोंड राहील.

घरच्या वेळेचं काय, याला शाळेकडे उत्तर नाही. गावाकडे असू शकतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात.

दहावीपर्यंत वर्गात फोन नकोच, हे माझं मत. पण जी शाळा फोन फाटकावर अडवते आणि सांभाळायची जबाबदारी घेत नाही, तिने आधी कपाट घ्यावं. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत बंदीचा ठराव मांडणाऱ्यांनी त्याच ठरावात कपाटाचा खर्च आणि किल्ली कोणाकडे राहील तेही लिहावं.