डबे की डंकी?

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आमच्यासमोर आहे. त्यांचे शौहर आखातातली नोकरी संपवून परतले आहेत. हाताशी 1 लाख 10 हजार रुपये आहेत आणि भाईजान 1 लाख रुपये कर्जे हसना म्हणून द्यायला तयार आहेत. घरात दोन कल्पना निघाल्या. एक, कॉलेजच्या आणि नोकरीच्या मुलांना दुपारचे जेवणाचे डबे देणे. दुसरी, पुढच्या खोलीत मिरची-मसाला कांडायची डंकी बसवणे. ज्या भागात डंकी दिसत नाही तिथल्या वाचकांसाठी सांगतो : लोखंडी उखळ आणि मोटरवर उठून त्यात आदळणारी मुसळे, एवढाच तो प्रकार. गिऱ्हाईक आपली मिरची, धणे, गरम मसाला घेऊन येते आणि किलोमागे कांडणावळ देऊन चटणी घेऊन जाते.

भगिनीने दोन्हींचा खर्च मांडला आहे, आणि मनापासून मांडला आहे. पहिल्या महिन्याअखेर डब्यांना 94 हजार लागतात, डंकीला 2 लाख 9 हजार. खाली त्यांनी लिहिले आहे, "डंकी दुपटीहून महाग पडते, म्हणून डबेच बरे ना?"

आकडे त्यांनी बाजारात चौकशी करून आणलेले आहेत, त्यामुळे आम्ही ते तसेच धरतो. तुमच्या गावी ते वेगळे असतील. अडचण आकड्यांत नाही. एकदाच जाणारा पैसा, दर महिन्याला जाणारा पैसा आणि जातच नाही असा पैसा, हे तिन्ही एका बेरजेत पडले आहेत.

त्यांचे 94 हजार आम्ही सुटे केले. शेगडी, पातेली, मिक्सर आणि डबे मिळून 40 हजार. (गिऱ्हाइके 30 असली तरी डबे 60 लागतात, कारण आजचा डबा उद्याच परत येतो. हे त्यांनी बरोबर धरले आहे.) हा खर्च एकदाच. गॅसच्या जोडणीची अनामत 5 हजार. ती खर्चच नाही, जोडणी परत केली की परत मिळणारी रक्कम आहे. उरलेले सुमारे 49 हजार म्हणजे महिन्याचा किराणा, भाजी, गॅस, डबे पोहोचवणाऱ्या मुलाचा आणि मदतीच्या बाईचा पगार. हा पैसा दुसऱ्या महिन्यात पुन्हा लागेल, तिसऱ्यात पुन्हा लागेल. पण मुले महिन्याचे पैसे देतात तेव्हा तो परतही येतो. व्यापारी याला खेळते भांडवल म्हणतात. ते सुरुवातीला हातात असावे लागते, पण शेगडीसारखे त्यात अडकून पडत नाही.

आता डंकी. यंत्र मोटरसह 1 लाख 10 हजार, जमिनीतला काँक्रीटचा पाया आणि खोलीचा आडोसा 35 हजार, थ्री फेज मीटर आणि वायरिंग 20 हजार, वजनकाटा, भाजणीची भट्टी, धूर ओढणारा पंखा मिळून 15 हजार. हे 1 लाख 80 हजार एकदाच जाणारे. वीज कंपनीची अनामत 10 हजार, परत मिळणारी. आणि मार्च महिना चालवायचा खर्च फक्त 19 हजार, कारण माल गिऱ्हाइकाचा असतो. पावसाळ्यातल्या महिन्याला तर 2 हजारही लागत नाहीत.

म्हणजे पहिल्या महिन्यात डंकी दुपटीने महाग दिसते, पण पुढच्या वर्षभरात डब्यांसाठी साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम हातातून जाईल आणि डंकीसाठी 82 हजार. मग डबे महाग म्हणायचे का? तेही नाही. पहिल्या महिन्याची बेरीज जशी फसवी तशीच ही. कुठला धंदा किती पैसा खातो हे पाहायचे नसून, चालवण्याचा खर्च वजा जाऊन काय उरते आणि त्यातून एकदाचा खर्च कधी भरून निघतो, हे पाहायचे आहे.

एकदाचा आणि रोजचा हा भेद आपल्या घरांत नवा नाही. जकातीचा हिशेब करताना आपण दुकानातला विक्रीचा माल आणि रोकड मोजतो, पण दुकानातले कपाट आणि वजनकाटा मोजत नाही. तीच नजर इथे लावायची आहे.

डब्याचा भाव 80 रुपये. एका डब्यामागे सामान आणि गॅस मिळून 47 रुपये जातात, म्हणजे 33 उरतात. (भगिनीने गॅस घरच्या सिलिंडरच्या भावाने धरला नाही हे चांगले केले. धंद्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा लागतो.) महिन्याला 26 दिवस, 30 गिऱ्हाइके, म्हणजे 780 डबे. त्यावर 25,740 रुपये उरले. त्यातून पगार, साबण, पाणी, वीज असे 12 हजार गेले की हाती 13,740. कॉलेजच्या सुटीचा एक महिना आणि रमजानचा एक महिना गिऱ्हाइके निम्मी राहतील असे त्या म्हणतात. 15 गिऱ्हाइकांवर महिन्याला उरतात फक्त 870 रुपये, कारण पोहोचवणाऱ्या मुलाचा पगार निम्मा होत नाही. वर्षाचे धरले तर सुमारे 1 लाख 39 हजार. भांडी-डबे चार वर्षे टिकतील असे धरून वर्षाला 10 हजार बाजूला काढले, तर 1 लाख 29 हजार.

डंकीत किलोला 40 रुपये कांडणावळ, वीज आणि भाजणीचा खर्च 8 रुपये. उरले 32. मार्च ते मे या तीन महिन्यांत महिन्याला 1,200 किलो आणि बाकी नऊ महिने 150 किलो, असा त्यांचा अंदाज. हंगामातल्या गड्याचा पगार, वीजबिलातला स्थिर आकार (डंकी बंद असली तरी तो येतोच), पट्टा-बेअरिंगची दुरुस्ती हे सगळे जाऊन वर्षाला 1 लाख 16 हजार. यंत्र दहा वर्षे चालेल आणि शेवटी 30 हजारांना जाईल असे धरले, तर एकदाच्या खर्चाचा वर्षाचा वाटा 15 हजार. उरले 1 लाख 1 हजार.

तर डबे वर्षाला 28 हजारांनी पुढे. पण ते बारा महिने पहाटे उठून, आणि डंकीची खरी धावपळ तीन महिन्यांची. भगिनीने स्वतःच्या मेहनतीचा एक रुपयाही दोन्हीकडे धरलेला नाही. आपल्याकडे बायकांच्या हिशेबात ही रक्कम नेहमीच गाळली जाते, आणि मग जास्त राबवणारा धंदा जास्त फायद्याचा दिसतो.

धंदा अंदाजाच्या निम्माच झाला तर? आम्ही तेही करून पाहिले. वर्षभर 15 च गिऱ्हाइके राहिली तर डब्यांतून अख्ख्या वर्षात साडेदहा हजारही उरत नाहीत. डंकीत किलो निम्मे झाले तरी 37 हजार उरतात. एकदाचा खर्च मोठा असलेल्या धंद्याचा रोजचा बोजा हलका असतो, म्हणून मंदीत तो तग धरतो. डब्यांच्या गिऱ्हाइकांत तीन मुले महिन्याचे पैसे न देता खोली सोडून गेली, तर 6,240 रुपये बुडाले, म्हणजे त्या महिन्याची जवळपास निम्मी कमाई. डंकीवर चटणी हातात देतानाच पैसे मिळतात.

मग डंकीच घ्यावी का? थांबा. वर्षभराने धंदा बंद करायची वेळ आली तर काय परत येईल, हा प्रश्न एकदाच्या खर्चालाच विचारायचा असतो. अनामती दोन्हीकडे परत येतील. भांडी निम्म्या भावाने गेली तरी नुकसान 20 हजारांचे. डंकीचे यंत्र गिऱ्हाईक मिळालेच तर समजा 80 हजारांना जाईल, काटा-भट्टीचे 8 हजार येतील. पण जमिनीत ओतलेले काँक्रीट आणि भिंतीतली वायर कोणी विकत घेत नाही. ते 55 हजार पहिल्याच दिवशी गेले. एकूण फटका 92 हजारांचा. ज्या घरात भाईजानचे 1 लाख फेडायचे आहेत, तिथे हा आकडा 2 लाख 9 हजारांपेक्षा जास्त विचार करायला लावणारा आहे.

भाईजानच्या रकमेबद्दल आणखी एक. महिन्याला 5 हजार परत द्यायचे ठरले आहे, आणि भगिनीने डंकीच्या महिन्याच्या खर्चात हे 5 हजारही घातले होते. यंत्राची किंमत एकदा मोजली, मग त्याच यंत्रासाठी घेतलेल्या पैशाची परतफेड पुन्हा खर्च म्हणून मोजली, तर एकच पैसा दोनदा जातो. कर्जे हसना बिनव्याजी असल्याने फेड म्हणजे फक्त मुद्दल, ती खर्चात येत नाही. आमच्या मांडणीत म्हणूनच ती धरलेली नाही.

मात्र खर्च नसला तरी पेटीतून पैसे निघतातच. डंकीच्या नऊ मंद महिन्यांत महिन्याला 4,200 रुपये उरतात. त्यातून 5 हजारांचा हप्ता निघणार नाही, आणि घरखर्चाला काही उरणार नाही ते वेगळेच. हंगामाच्या एका महिन्यात मात्र 28,800 उरतात. तेव्हा भाईजानशी बोलून फेड एप्रिल ते जून या महिन्यांत मोठ्या रकमेने आणि एरवी काही नाही, अशी ठरवावी. कुठल्या महिन्यात किती, ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. डब्यांत ही अडचण नाही, तिथे दोन मंद महिने सोडले तर हप्ता निघतो.

आम्ही भगिनीला कळवले आहे की या सगळ्या मांडणीत सर्वांत कच्चा आकडा 1,200 किलोंचा आहे. दिवसाला 40 किलो. तो कुठून आला हे पत्रात नाही. गावात आधीच एक डंकी आहे, असे त्यांनीच लिहिले आहे. येत्या मार्चमध्ये शौहरनी चटणी करायच्या निमित्ताने तीन-चार वेगवेगळ्या दिवशी तिथे जाऊन बसावे, दिवसभरात किती पिशव्या येतात आणि माणसांना किती थांबावे लागते ते मोजावे. रांग संध्याकाळपर्यंत संपत नसेल तर दुसऱ्या डंकीला जागा आहे. दुपारनंतर तिथला गडी रिकामा बसत असेल, तर तेच 40 किलो दोन डंक्यांत वाटले जातील. त्या महिन्यापर्यंत दहा-बारा डबे घरच्याच भांड्यांत सुरू करायला हरकत नाही. पोहोचवायला मुलगा ठेवू नये, जवळच्याच दोन खोल्यांवर शौहरनी स्वतः नेऊन द्यावेत.