पोराला स्वप्न, बापाला शिस्त : एकाच प्रवेशाचे दोन सौदे

दहावीचा निकाल लागला की लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या चौकाचौकांत नीट-जेईईच्या क्लासेसची होर्डिंग्ज चढतात. ती सगळ्यांनाच दिसतात, त्यावर टीकाही होते. आम्हाला बोलायचे आहे ते होर्डिंगच्या मागे चालणाऱ्या व्यवहाराबद्दल. क्लासवाल्यांना पक्के ठाऊक आहे की एका प्रवेशाचा निर्णय दोन माणसे घेतात. मन विद्यार्थ्याचे बनते आणि पैसा पालक देतात. म्हणून माल एकच असला तरी तो दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगून विकला जातो, आणि त्या दोन गोष्टी एकमेकांसमोर येणार नाहीत याची काळजी घेतली जाते.

सुरुवात होते 'स्कॉलरशिप टेस्ट'पासून. दहावीच्या शाळेत रविवारी मोफत परीक्षा. पोरांना वाटते आपली गुणवत्ता तपासली जाणार. पण त्या अर्जावर गुणांपेक्षा मोलाची माहिती दुसरीच असते : वडिलांचा मोबाईल नंबर, वडिलांचा व्यवसाय, गाव, मुलगा की मुलगी. परीक्षेला बसलेल्या बहुतेकांना काही ना काही टक्के 'स्कॉलरशिप' लागतेच. कारण ही परीक्षा मुलांची निवड करायला नसते, ती गिऱ्हाइकांची यादी करायला असते.

मग फोन सुरू होतात. विद्यार्थ्याला सांगितले जाते : कॉलेजला रोज जायची गरज नाही, हजेरीचे आम्ही बघतो. अमुक सर स्वतः शिकवतात, त्यांचे रील बघितलेस ना? एसी वर्ग आहेत, बॅग-टीशर्ट मिळेल, तुझ्या शाळेतली चार पोरे आधीच आली आहेत. संध्याकाळी बाप कामावरून आला की त्याच संस्थेतून दुसरा फोन : मोबाईल आम्ही जमा करून घेतो, कॅमेरे आहेत, पोरगं गैरहजर राहिलं तर तुम्हाला मेसेज येतो, कॉलेज आणि क्लास एकाच छताखाली. मुलगी असेल तर फोनवर बाई बोलते आणि आधी हॉस्टेलच्या फाटकाची वेळ सांगते. व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' लिहिले असेल तर फी सांगण्याआधी हप्ते सांगितले जातात.

पोराला मोकळीक विकली, बापाला पहारा विकला. दोघेही खूश होऊन एकाच पावतीवर सही करतात आणि दोघांनी वेगवेगळ्या वस्तू विकत घेतलेल्या असतात.

आता कोणी म्हणेल, यात गैर काय? प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगावेच लागते. बरोबर आहे. वस्तीत अभ्यासिका सुरू करताना आम्हीही पोरांशी वेगळे बोलतो आणि त्यांच्या आयांशी वेगळे बोलतो. भाषा वेगळी असायला आमची हरकत नाही. हरकत आहे ती माहिती वेगळी असायला. याची कसोटी सोपी आहे : मुलाला जे सांगितले ते बापासमोर, आणि बापाला जे सांगितले ते मुलासमोर, त्याच शब्दांत सांगता येईल का? 'हजेरीचे आम्ही बघतो' हे वाक्य पालक मेळाव्यात कोणी माईकवर म्हणत नाही. का म्हणत नाही, याचा विचार करा.

शिकलेल्या घरात ही चाल निम्मी निकामी होते. तिथे आई-बाप स्वतः अर्ज वाचतात, मामा डॉक्टर असतो, शेजारच्या ताईने तोच क्लास केलेला असतो. आपल्या घरात इंग्रजी अर्ज वाचणारा पहिला माणूस म्हणजे तोच सोळा वर्षांचा मुलगा. बाप त्याला विचारतो, 'यात काय लिहिलंय?' आणि ज्याला आधीच पटवले आहे तोच दुभाष्या बनतो. क्लासला वेगळा एजंट लागत नाही, एजंट घरातच असतो. दोष त्या पोराचाही नाही आणि बापाच्या अक्षरओळखीचाही नाही. ही त्रुटी पिढ्यान्‌पिढ्या लादलेली आहे, आणि बाजाराने ती नेमकी हेरली आहे.

आपल्या लोकांची सर्वात मोठी फसगत 'स्कॉलरशिप' या एका शब्दात होते. आपल्या घरात या शब्दाचा अर्थ आहे सरकारी शिष्यवृत्ती, महाडीबीटीवर भरायची. क्लासच्या तोंडी त्याचा अर्थ आहे छापील फीवरची सूट. 'तुम्हाला स्कॉलरशिप बसते' असे ऐकून कितीतरी पालक समजतात की उरलेले पैसे सरकार भरणार. तर स्पष्ट लिहून ठेवतो : अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप मान्यताप्राप्त कॉलेजच्या अभ्यासक्रमासाठी असते. खासगी क्लासची फी त्यातून भरली जात नाही. उलट या शिष्यवृत्तीला आणि स्वाधार योजनेला कॉलेजच्या हजेरीची अट आहे. म्हणजे पोराला ज्या 'डमी' प्रवेशाचे आमिष दाखवले, तोच त्याच्या हक्काच्या पैशावर पाणी सोडू शकतो. हे ना पोराला सांगितले जाते, ना बापाला.

एक हिशेब मांडून बघू. आकडे आम्ही समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या हातातल्या पत्रकावरचे घालून बघा. दोन वर्षांच्या कोर्सची छापील फी दोन लाख. मुलीला ४० टक्के 'स्कॉलरशिप', म्हणजे फी एक लाख वीस हजार. घरात हाच आकडा जातो. पण क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी २१,६०० रुपये. संलग्न कॉलेजची फी वेगळी, वर्षाला पंचवीस हजार धरली तर पन्नास हजार. हॉस्टेल-मेस महिना आठ हजार, वर्षाचे दहा महिने, दोन वर्षांचे एक लाख साठ हजार. एकूण झाले तीन लाख एक्कावन्न हजार सहाशे. मुलीने ऐकला तो आकडा '४० टक्के', बापाने ऐकला तो एक लाख वीस हजार. खरा आकडा दोघांपैकी कोणीच ऐकला नाही.

निकालाची जाहिरातही अशीच दुहेरी. विद्यार्थ्याला टॉपरचे फोटो, पालकाला टक्केवारी : 'आमचे ९० टक्के विद्यार्थी नीट क्वालिफाय!' क्वालिफाय म्हणजे मेडिकलला नंबर लागला असे बाप समजतो. २०२४ च्या नीटला सुमारे २३ लाख विद्यार्थी बसले आणि त्यातले १३ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या, आणि सरकारी कॉलेजांतल्या जागा त्यातल्या साधारण निम्म्या. म्हणजे पात्र ठरलेल्या दर दहा-बारा मुलांमागे एक जागा. म्हणून 'क्वालिफाय किती?' हा प्रश्नच विचारू नका. विचारा : गेल्या वर्षी एकूण किती पोरे बसली आणि त्यातली किती सरकारी कॉलेजात गेली? पहिला आकडा न देता दुसरा सांगणारा क्लास काहीतरी लपवतो आहे, हे ओळखा.

टॉपर कुठल्या वर्गातले, हेही विचारा. पहिल्या चाचण्या झाल्या की अनेक ठिकाणी पोरांची वाटणी होते. चांगले शिक्षक वरच्या बॅचला आणि उरलेल्या बॅचेस त्या बॅचचा खर्च भागवायला. रीलमधले सर खालच्या बॅचला सहसा दिसत नाहीत. खालची बॅच कोणाची असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश देताना गुणांवरून बॅचेस वेगळ्या करू नका असे क्लासेसनाही बजावले आहे. त्यामुळे 'आमची पद्धतच तशी आहे' हे उत्तर आता ऐकून घ्यायचे कारण नाही.

कायदा काय देतो, हेही नीट समजून घेऊ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासेसच्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर त्याची लेखी संमती निकालानंतर घ्यायची, आणि फोटोसोबत त्याची रँक, त्याने कोणता कोर्स केला, किती काळ केला, पैसे भरून की मोफत, हे छापायचे. हा नियम उगाच आलेला नाही. यूपीएससीच्या क्लासेसवरील कारवायांत दिसले की जाहिरातीतल्या अनेक उमेदवारांनी फक्त मोफत मुलाखत मार्गदर्शन घेतले होते. 'शेवटच्या पाच जागा' अशी खोटी घाई करण्यालाही मनाई आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

फी परतीची गोष्ट जरा वेगळी. जानेवारी २०२४ च्या शिक्षण मंत्रालयाच्या तत्त्वांत सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये घेऊ नये असे आहे. पूर्ण फी भरून मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, हॉस्टेल-मेससह, असेही आहे. वरच्या उदाहरणातली मुलगी सहा महिन्यांत परतली तर चोवीसपैकी अठरा महिने उरले, म्हणजे एक लाख वीस हजारांतले नव्वद हजार तिचे. पण ही तत्त्वे राज्यांनी राबवायची आहेत, ती स्वतः कायदा नाहीत. त्यामुळे क्लासवाला हात वर करू शकतो. म्हणून परतीची अट प्रवेशाच्या दिवशीच पावतीवर किंवा करारात लिहून घेतली पाहिजे. 'कोणत्याही परिस्थितीत फी परत मिळणार नाही' ही बारीक अक्षरातली ओळ सहीच्या आधी वाचायची, नंतर नाही.

शेवटी आपल्याच घराबद्दल. १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या कमानीवर क्लासचा बॅनर कसा येतो? 'जयंतीनिमित्त विशेष सवलत' कोण लावू देते? काही तरुण कार्यकर्ते आणि शिक्षक प्रवेशामागे कमिशन घेतात, हे आपण सगळे जाणतो आणि गप्प बसतो. बाप क्लासवाल्यावर एकवेळ विश्वास ठेवणार नाही, पण 'जय भीम' म्हणून आलेल्या आपल्या पोरावर ठेवतो. तो विश्वास विकणाऱ्याला संघटनेत जागा असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येत्या प्रवेशाच्या हंगामात विहारात प्रत्येक रविवारी दोन तास बसा. पोरगं आणि पालक दोघांनाही सोबत बोलवा. अर्ज मोठ्याने मराठीत वाचा. मग दोघांसमोर, स्पीकर लावून, क्लासला फोन करा आणि चारच प्रश्न विचारा : सगळे धरून एकूण पैसे किती, हजेरी कुठे लागणार, किती बसले नि किती सरकारी कॉलेजात लागले, आणि मध्येच सोडले तर परत किती. उत्तरे व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. जो क्लास लेखी देईल त्याचा विचार करा. 'तुम्ही फक्त एकदा येऊन भेटा' एवढेच जो म्हणत राहील, त्याच्याकडे पोरगं पाठवू नका.