सुईचा ताळा

नातवाच्या बारशाला दोनच दिवस उरले होते. सासूबाई मऊ सुती लुगड्याचे पदर एकावर एक ठेवून पायाच्या मशीनवर दुपटे शिवत होत्या. मशीनला 11 नंबरची बारीक सुई होती. कडेशी सहा पदर एकत्र आले, कापड पुढे सरकेना, म्हणून त्यांनी ते हाताने ओढले. त्या ओढीने सुई वाकली, खालच्या पट्टीच्या छिद्राच्या कडेवर आपटली आणि कडकन तुटली. चाक अडले. बॉबिन केसही बाहेर निघेना.

सूनबाई चाक जोराने फिरवू लागल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "जोर नको, जयणा हवी. तुकडा आत असेल तर शटलचे टोक मोडेल."

प्रथम त्यांनी चाकावरचा पट्टा उतरवला, म्हणजे चुकून पाय पडला तरी मशीन हलणार नाही. मग दाब उचलून वरखालचे दोरे कात्रीने कापले, दुपटे अलगद काढले आणि स्क्रू सैल करून सुईचा वरचा तुकडा सोडवला. पट्टीचे दोन स्क्रू काढताच छिद्रात तिरका अडकलेला दुसरा तुकडा दिसला. तो चिमट्याने वर आला. बॉबिन केसभोवती दोऱ्याचा गुंता आवळला होता. तो टोकदार कात्रीने थोडा थोडा कापून चाक किंचित मागेपुढे हलवले, तेव्हा केसची कडी ओढता आली आणि केस सुटली.

येथे बहुतेक जण काम संपले असे समजतात. सासूबाईंनी मात्र दोन्ही तुकडे नव्या सुईशेजारी जोडून मांडले. ताळा जुळेना, टोकाचा भाग कमी होता. तो दुपट्यात राहिला असता तर बाळाच्या अंगाला टोचला असता. त्यांनी शटलभोवतीच्या कड्याच्या दोन्ही खिट्ट्या बाजूला सारल्या, कडे काढले आणि अर्धचंद्राकार शटल बाहेर घेतले. तेलकट धुळीत चिकटलेले टोक लोहचुंबकाला लागून आले. ते तेथेही नसते, तर दुपट्याची टीप उसवून प्रत्येक पदर पाहावा लागला असता.

छिद्राच्या कडेला नख अडकत होते. असा खरखरीतपणा राहिला की दोरा पुन्हा पुन्हा तुटतो. बारीक पॉलिश पेपरने ती कड गुळगुळीत केली, शटलच्या वाटेत तेलाचा एक थेंब सोडला आणि सारे जागच्या जागी बसवले. या वेळी सुई 16 नंबरची घेतली. तिची लांब खाच दोरा ओवण्याच्या बाजूला ठेवून ती पूर्ण वर सरकवली आणि स्क्रू आवळला. पट्टा चढवण्यापूर्वी चाक हाताने दोन फेरे फिरवले. कोठेही अडथळा लागला नाही.

जाड कडेवरचे टाके त्यांनी चाक हाताने फिरवूनच घातले. कापड ओढले नाही. सुईचे तिन्ही तुकडे कचऱ्यात न टाकता झाकणाच्या डबीत ठेवले. कचरा वेचणाऱ्याचा हातही कोणाचा तरी हातच असतो.