‘मध्यम ते उच्च’ म्हणजे नेमकी किती जोखीम?



म्युच्युअल फंडाच्या योजना माहिती दस्तऐवजाचे मराठी भाषांतर हाती घेतले की आकडे बरोबर असतात, तारखा बरोबर असतात, व्याकरणही फारसे चुकलेले नसते. तरी तीच दोन पाने इंग्रजीत वाचणारा जिथे थबकतो, तिथून मराठी वाचणारा सहज पुढे जातो. इशाऱ्याचा अर्थ पोचलेला असतो, पण त्याचे वजन वाटेत कमी झालेले असते. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हा दोष चुकीच्या आकड्याइतकाच गंभीर आहे.

जोखीममापकाचेच पाहावे. सेबीने 2015 मध्ये आणलेल्या या अर्धवर्तुळावर आधी पाच पायऱ्या होत्या, 1 जानेवारी 2021 पासून सहा झाल्या. योजनेतील गुंतवणुकींवरून दर महिन्याला जोखमीचे मूल्य काढतात आणि त्यानुसार काटा ठरतो. मूल्य 1 पर्यंत असेल तर ‘लो’, 1 ते 2 ‘लो टू मॉडरेट’, 2 ते 3 ‘मॉडरेट’, 3 ते 4 ‘मॉडरेटली हाय’, 4 ते 5 ‘हाय’ आणि 5 च्या वर ‘व्हेरी हाय’.

यातली चौथी पायरी मराठीत हमखास घसरते. ‘लो टू मॉडरेट’चे ‘कमी ते मध्यम’ झाले की त्याच चालीवर ‘मॉडरेटली हाय’चे ‘मध्यम ते उच्च’ होऊन जाते. पण मूळ शब्दांत इथे ‘ते’ नाही. ती बऱ्यापैकी जास्त जोखमीची, एकच ठाम पायरी आहे. ‘मध्यम ते उच्च’ शब्दशः धरले तर त्यात मध्यमपासून उच्चपर्यंतच्या तीन पायऱ्या, म्हणजे 2 ते 5 हा सगळा पट्टा, येतो. असा पट्टा दिला की आपल्या सोयीचे टोक धरणे हा माणसाचा स्वभाव. मुलीच्या लग्नासाठी तीन वर्षांनी पैसे लागणार आहेत असा वाचक ‘मध्यम’वर बोट ठेवतो आणि सही करतो. दुसरा पर्याय ‘माफक उच्च’ असा छापतात, तो तर आणखी वाईट. ज्या भाषेत माफक दर, माफक अपेक्षा असे बोलतात, तिथे ‘माफक’ ऐकून कोणी सावध होत नाही. ‘मध्यमहून जास्त’ म्हटले की पायरीही कळते आणि दिशाही.

‘उच्च’ शब्दाबद्दलही एकदा बोलायला हवे. मराठीत शिक्षण उच्च असते, दर्जा उच्च असतो, विचार उच्च असतात. ताप आणि कर्ज मात्र जास्त असते. जोखीम या दुसऱ्या रांगेतली आहे. तेव्हा ‘जास्त’ आणि ‘अतिशय जास्त’ हेच शब्द योग्य. ते साधे आहेत म्हणून दस्तऐवजाचा दर्जा घसरत नाही.

रंग आहेत, काटा आहे, मग शब्दाचे एवढे काय, असे कोणी विचारेल. एजंटच्या दुकानातली झेरॉक्स डोळ्यांसमोर आणावी. हिरवा, पिवळा, तांबडा सगळे एकाच राखाडी रंगात मिसळलेले असतात, काट्याचे टोक शाईच्या डागात हरवलेले असते आणि खाली छापलेले दोन-तीन शब्द तेवढे वाचता येतात.

अस्वीकरणांत वजन कमी होते ते बहुधा एका अक्षराने. योजनेचे उद्दिष्ट साध्य होईल अशी कोणतीही हमी नाही, असे मूळ विधान असते. मराठीत ते ‘उद्दिष्ट साध्य होईलच अशी हमी देता येत नाही’ असे उतरते. त्या ‘च’मुळे वाचक मनात म्हणतो, म्हणजे बहुतेक होईल, फक्त लिहून देत नाहीत. मागील कामगिरीच्या वाक्याचे तसेच. ती पुढे टिकेल किंवा टिकणारही नाही, अशा दोन्ही शक्यता मूळ वाक्य सारख्या तोलाने मांडते. ‘टिकेलच असे नाही’ लिहिले की पारडे आशेकडे झुकते.

‘पॉसिबल लॉस ऑफ प्रिन्सिपल’चे ‘मुद्दलाच्या संभाव्य हानीचा समावेश’ हे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून केलेले आहे. कायदा विभागाला तेच सुरक्षित वाटते. पण वाचकाला ‘संभाव्य’ ओळखीचा आहे तो संभाव्य उमेदवार, संभाव्य मंत्रिमंडळ यांतून, आणि ‘समावेश’ ऐकून तर एखादी सुविधा मिळाल्यासारखे वाटते. ‘मुद्दलही बुडू शकते’ या तीन शब्दांत मूळचा सगळा अर्थ आहे, एक कणही जास्त नाही.

त्याच वाक्यात ‘लिक्विडिटी रिस्क’ येते आणि मराठीत तिची ‘तरलता जोखीम’ होते. या शब्दाने कोणाच्याही डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा रोखे योजना गुंडाळल्या, तेव्हा ही जोखीम लाखो गुंतवणूकदारांनी अनुभवली. पैसे त्यांच्या नावावर होते, पण काढता येत नव्हते. पुढे 2021 पासून ते हप्त्याहप्त्याने परत मिळाले, म्हणजे इथे मुद्दा बुडण्याचा नव्हता, अडकण्याचा होता. त्या सहांपैकी एका योजनेच्या नावात ‘लो ड्युरेशन’ होते. ‘लो’ तिथे रोख्यांच्या कालावधीला लागू होते, जोखमीला नव्हे. अशा नावाचे ‘कमी कालावधी’ करावे की मूळ नाव ठेवावे यावर वाद होऊ शकतो, पण ‘पैसे हवे तेव्हा न मिळण्याची जोखीम’ असे सरळ लिहिण्यावर वाद नसावा.

याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. वजन राखणे म्हणजे ते वाढवणे नव्हे. ‘जोखीम’च्या जागी सरसकट ‘धोका’ लिहिला, तर एका रात्रीच्या मुदतीत पैसे ठेवणारी ओव्हरनाइट योजनाही भयंकर वाटू लागेल, आणि सगळेच भयंकर वाटले की वाचक कशालाच भीत नाही. ‘बुडू शकते’च्या ऐवजी ‘बुडेल’ लिहिणे हेही चुकीचे भाषांतरच.

सेबीसंबंधीचे विधान सर्वांत जपून उतरवायला हवे. मुळात तीन नकार आहेत: सेबीने या युनिट्सना मंजुरी दिलेली नाही, त्यांची शिफारस केलेली नाही, आणि दस्तऐवज अचूक किंवा पुरेसा असल्याचे प्रमाणित केलेले नाही. मराठी वाक्यात नकार शेवटी येतो. तिन्ही गोष्टी एका लांब वाक्यात गुंफल्या की ‘सेबीकडून मंजूर, शिफारस, अचूकतेबाबत प्रमाणित’ असे चार-पाच भारदस्त शब्द आधी डोळ्यांत भरतात आणि ‘केलेले नाही’ पुढच्या ओळीवर जाऊन पडते. तिथे तीन वेगळी वाक्ये करावीत, प्रत्येकाचे ‘नाही’ त्याच्या जवळ ठेवावे.

अनेक भाषांतरांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरली जाईल. याचा अर्थ मराठी वाचक सौम्य इशारा वाचून सही करतो आणि बांधला जातो कडक इशाऱ्याला. म्हणून सहा पायऱ्यांची आणि दहा-बारा ठरीव विधानांची एकच मराठी यादी असावी, ती सर्व फंड कंपन्यांना बंधनकारक असावी, आणि ‘अ‍ॅम्फी’ने ती सेबीपुढे ठेवावी. छपाईआधी दोन चाचण्याही पुरेत. मूळ न पाहिलेल्या अनुवादकाकडून मराठी मजकूर परत इंग्रजीत करून घ्यावा आणि ‘शुअर’, ‘लाइकली’, ‘मे’ हे शब्द मुळाशी ताडून पाहावेत. नंतर बँकेच्या रांगेतल्या कोणालाही काटा झाकून फक्त शब्द दाखवावेत आणि ही सहांपैकी कितवी पायरी, असे विचारावे. चौथीला तिसरी म्हणणारे जास्त निघाले, तर तो शब्द बदलावा आणि नवा शब्द घेऊन पुन्हा त्याच रांगेत जावे.

— एक अनुवादक वाचक, पुणे